एकशब्दी बारक्या

आमच्या मामाच्या धाकट्या मुलाला घरात सगळे बारक्या म्हणतात. नाव पडलं तेव्हा तो खरोखरच बारका होता. आता तो दाराच्या चौकटीतून मान तिरपी करून आत येतो, तरी नाव काही सुटलं नाही. राळेगाव तालुक्यातल्या गावातून दहावी पास होऊन तो अकरावीसाठी यवतमाळला आमच्याकडे राहायला आला, तेव्हा त्याच्यासोबत एक ट्रंक, एक वळकटी, मामीनं भरून दिलेला तिखटाचा डबा आणि जेमतेम सहा शब्द होते. ट्रंक पहिल्याच दिवशी उघडली. शब्दांना वेळ लागला.

तसं यवतमाळला शब्दांचा दुष्काळ कधीच नव्हता. पाण्याचा होता, पण तो विषय वेगळा. 2019 च्या जानेवारीत 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावात भरलं. त्याच्या उद्घाटनावरून आधी अख्खा महाराष्ट्र भांडला आणि मग तीन दिवस मांडवात भाषणं झाली. अशा गावात येऊनही बारक्यानं आपला बाणा सोडला नाही. त्याचे शब्द असे: हाव, नाई, मालूम, पाहू, असंच आणि बरं. सणासुदीला 'काई नाई' असा जोडशब्द.

नवख्या माणसाला हे सहाही शब्द सारखेच वाटतात, पण महिनाभर सोबत राहिलं की त्यांतले पदर दिसू लागतात. झटकन आलेलं 'हाव' म्हणजे ऐकलं, करीनच असं नाही. लांबवलेलं 'हाऽव' म्हणजे हे तुम्ही कालही सांगितलं होतं. मान खाली घालून म्हटलेलं 'हाव' म्हणजे काम झालेलं नाही आणि होण्याची चिन्हंही नाहीत. 'पाहू' म्हणजे नकार, पण पाहुणा म्हणून सभ्य शब्दांत दिलेला. 'असंच' म्हणजे कारण आहे, चांगलं भक्कम कारण आहे, पण ते तुमच्यासाठी नाही.

या मुलाला बोलतं करण्याचा विडा आधी उचलला आमच्या आईनं. ती त्याची सख्खी आत्या. आईची वेळ सकाळी साडेसहाची, नळाला पाणी आलं की लगेच. हातात हंडा, समोर डोळे मिटून उभा असलेला बारक्या.

"झोप झाली का बाप्पा?"

"हाव."

"कालेज कसं हाये?"

"बरं."

"मास्तर शिकवतात का नीट?"

"हाव."

"दोस्त झाले का रे कोणी?"

"हाव."

"कितीक?"

"दोन."

'दोन' हा सातवा शब्द ऐकून आई हरखली. तिनं हंडा तिथंच ठेवून मामीला फोन लावला, "वो वयनी, दोन दोस्त झाले म्हंते त्याले, आता रमते पोरगं." मामीला आनंद झाला, पण आनंदापाठोपाठ काळजी आली. दोस्त कोणाच्या घरचे, कोणत्या गावचे, खर्रा तर खात नाहीत ना? मामीनं ती काळजी वणीच्या मावशीला सांगितली. मावशीनं ती आपल्या थोरल्या मुलाला सांगितली. आणि रात्री नऊच्या सुमारास त्या थोरल्या मुलानं बारक्यालाच फोन करून संगत कशी असावी यावर व्याख्यान दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं पुन्हा विचारलं, "काय म्हंतात तुहे दोस्त?"

"कोणते?" बारक्या म्हणाला.

त्याच्या मितभाषणाचं निम्मं मर्म इथं आहे. लोक म्हणतात, पोरगं घुमं आहे, मोबाईलनं बिघडलं, आताची पिढीच अशी. तसं काही नाही. या पोराचा अनुभव असा की तोंडातून निघालेला शब्द संध्याकाळपर्यंत तीन तालुके फिरतो आणि उपदेश होऊन परत येतो. दहावीच्या टक्क्यांच्या वेळी हेच झालं होतं आणि सायन्स घेण्याच्या वेळीही हेच. तेव्हा त्यानं आपल्यापुरता हिशेब केला, की माल जितका कमी बाहेर पडेल तितका कमी परत येतो. सोळा वर्षांच्या मुलानं एवढा व्यवहार ओळखावा, याचं खरं तर कौतुक व्हायला पाहिजे.

उरलेल्या निम्म्याचा दोष शरीराचा. एक तर आवाज. मिसरूड फुटायच्या वयात आवाज फाटतो, आणि तो नेमका लांब वाक्याच्या मध्यावर फाटतो. 'हाव' म्हणताना धोका नसतो, 'आत्या, मला उद्या डबा नको' म्हणताना असतो. दुसरी झोप. या वयात मुलांचं झोपेचं घड्याळ दीड-दोन तास पुढं सरकतं, रात्री उशिरापर्यंत झोप लागत नाही आणि सकाळी लवकर डोळा उघडत नाही. हा आळस नसून शरीराची घडण आहे, विशीत ती पुन्हा जागेवर येते. म्हणजे आमची आई रोज सकाळी साडेसहाला ज्याला प्रश्न विचारत होती, तो बारक्या उभ्या उभ्या झोपलेला होता. जागा बारक्या रात्री साडेदहानंतर सुरू व्हायचा, आणि तेव्हा आई झोपलेली असायची.

तिसरी गोष्ट शरीराची नव्हे, मोठ्यांची घाई. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी 1970 च्या सुमारास वर्गांमधलं बोलणं टेप करून मोजलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात, असं त्यांना आढळलं. तोच शिक्षक तीन सेकंद थांबला, की मुलांची उत्तरं कितीतरी लांबतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उत्तर आल्यावरही पुन्हा तेवढंच थांबायचं, कारण मुलाचं पहिलं वाक्य संपतं तिथं त्याचं बोलणं संपलेलं नसतं. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "मी थांबतो ना बाप्पा, किती थांबतो!" आणि त्याच दमात तिनं बारक्याला भाजी आवडली का विचारून, आवडलीच असेल असं ठरवून, पुन्हा वाढली. वऱ्हाडी आत्या तीन सेकंद थांबू शकत नाही. त्याला दुसरं काळीज लागतं.

मुळात हे कमी बोलण्याचं वाण बारक्यानं घरूनच आणलं होतं. दर रविवारी मामाचा फोन यायचा. मामा चार एकर पऱ्हाटी आणि दोन एकर तुरीचा धनी. तो कापसाच्या भावाशिवाय कशावरही एका शब्दाच्या वर गेलेला कोणी ऐकला नाही. बापलेकांचा संवाद असा:

"जेवला?"

"हाव."

"पैसे?"

"हायेत."

"पाणी?"

"नाई. तिकडं?"

"आला."

"ठेवू?"

"ठेव."

आईला वाटायचं, बापलेकांत काही बिनसलं आहे. पण फोन ठेवल्यावर बारक्याचा चेहरा मी पाहिला आहे. आठवड्यातलं त्याचं सगळ्यात समाधानाचं अर्धं मिनिट तेच असायचं. दोघांनी एकमेकांना हवं ते विचारलं होतं, खरं ते सांगितलं होतं आणि कोणीही कोणाला उपदेश केला नव्हता.

त्या फोनवरूनच मला रस्ता सापडला. माझं कृषी केंद्र आहे. जून लागला की दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि माणूसबळ कमी पडतं. मी बारक्याला काही विचारलं नाही. "संध्याकाळी दुकानात हात लागला तर बरं होईल," एवढं म्हणून चहा प्यायला लागलो. "पाहू," तो म्हणाला. पाहू म्हणजे नकार, हे वर सांगितलंच आहे. पण पाच वाजता गडी हजर.

दुकानाचा फायदा असा, की तिथं समोरासमोर बसावं लागत नाही. दोघांची तोंडं गिऱ्हाइकाकडे. डोळ्यांत डोळे घालून विचारलेला साधा प्रश्नही या वयाच्या पोराला उलटतपासणी वाटतो. शेजारी उभं राहून पोती मोजताना तोच प्रश्न नुसतं बोलणं होतो. शिवाय हात कामात असले की गप्प बसण्याला कोणी गप्प बसणं म्हणत नाही. बारक्या बियाण्याची पाकिटं लावायचा, पॉस मशीनवर शेतकऱ्यांचे अंगठे घ्यायचा, आणि ज्या म्हाताऱ्यांचे अंगठे कामानं झिजून मशीनला उमटत नाहीत, त्यांना न बोलता दुसरं बोट पुढं करायला लावायचा. गिऱ्हाइकंही त्याच्याच जातकुळीची. "युरिया?" "हाये." "कितीले?" आकडा. "देऊन दे." माझ्या दुकानात इतका सुरळीत धंदा त्याआधी कधी झाला नव्हता.

एकदा हिशेब करताना मी म्हणालो, "युरियाच्या वीस पोत्यांचं हजार किलो झालं."

"नऊशे," बारक्या म्हणाला.

युरियाचं पोतं 2018 पासून पन्नासऐवजी पंचेचाळीस किलोचं आहे. डीएपीचं पन्नासचंच राहिलं. पाठीवर वाहणाऱ्याला ते पाठ असतं. मग मला युक्ती सुचली. विचारायचं नाही, चुकीचं बोलायचं. बारक्या रात्री मोबाईलवर बैलांच्या शर्यती पाहतो, हे मला दिसलं होतं. शटर ओढता ओढता मी हवेत बोललो, "शंकरपट तर बंदच आहेत ना अजून."

तो थांबला. मग त्याच्या तोंडून जे बाहेर पडलं ते ऐकून मी हातातलं कुलूप तसंच धरून उभा राहिलो.

"बंद होते, दादा. चौदा साली सुप्रीम कोर्टानं बंद केल्ले. मंग एकवीसच्या डिसेंबरात परवानगी देल्ली, अन् तेवीसच्या मे मंदी पक्कं केलं. आता चालू हायेत."

चार वाक्यं, तीन तारखा, आणि आवाज फक्त एकदा फाटला. मीच हरखलो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच डाव टाकला. म्हणालो, पटात चार-चार जोड्या एकदम पळत असतील नाही? बारक्यानं माझ्याकडे नीट पाहिलं.

"मुद्दाम," तो म्हणाला. आणि खाली बसून पाकिटं लावू लागला.

ही युक्ती एकदाच चालते. सोळा वर्षांचं पोर गणितात कच्चं असेल, पण मोठ्यांची लबाडी ओळखण्यात त्याला पैकीच्या पैकी असतात. तेव्हा पुढचा मार्ग एकच होता, मला खरोखर जे येत नाही ते विचारायचं. सुदैवानं मला येत नाही अशा गोष्टींची टंचाई नव्हती. शेतकऱ्यांना बियाणं विकतो, पण बैलातलं मला ओ की ठो कळत नाही. दुकानासमोर एक बंडी उभी होती. मी विचारलं, "या बैलाचं वय कसं ओळखायचं रे?"

बारक्या उठला, बैलाच्या नाकाडाला हात घातला, ओठ खाली ओढला आणि दात दाखवले. दुधाचे दात पडून पुढचे दोन पक्के दात येतात तेव्हा गोऱ्हा अडीच वर्षांच्या आसपास असतो, तो दोन दाती. मग चार दाती, मग सहा दाती. पाचव्या वर्षाच्या आगेमागे आठही दात आले की बैल जुळला. त्यापुढं दात मोजून वय कळत नाही, झीज पाहून अंदाज बांधायचा, आणि बाजारात लबाडी होते ती इथंच. जुळलेल्या बैलाला विकणारा सहा वर्षांचा म्हणतो, घेणारा दहाचा म्हणतो, आणि दोघंही शपथा खातात.

"आणि वरचे दात?" मी विचारलं.

बारक्याच्या चेहऱ्यावर प्रथमच दया दिसली. "दादा, बैलाले समोरचे वरचे दात नसतेतच."

चाळिशीला आलेल्या, बीएस्सी झालेल्या, कृषी केंद्र चालवणाऱ्या माणसाला हे माहीत नाही, याचा त्याला एवढा आनंद झाला, की त्या रात्री तो जेवताना आपणहून म्हणाला, "मीठ द्या." आईनं देवापुढं साखर ठेवली.

पण बोलणं म्हणजे भरवसा नव्हे. भरवशाची परीक्षा त्यानं जुलैत घेतली, आणि ती मला न सांगता घेतली. रात्री शटर ओढताना पाठमोरा राहून म्हणाला, "फिजिक्समंदी अकरा." क्लासच्या चाचणीत पन्नासपैकी अकरा. मी "बरं" म्हणालो आणि कुलूप लावलं. घरी येईपर्यंत दुसरं काही बोललो नाही. पुढचे काही दिवस मला जाणवत होतं, बारक्या पहारा देतो आहे. आईनं मला हाक मारली की याचे कान टवकारायचे. मामीचा फोन आला की हा उगाच पाणी प्यायला स्वयंपाकघरात. अकराचा आकडा आईकडून किंवा वणीकडून परत येतो का, हे तो पाहत होता. गुप्तहेर खात्यात नवा माणूस घेताना त्याच्या कानात एक खोटी बातमी सोडतात आणि ती कुठून बाहेर पडते ते बघतात म्हणे. बारक्यानं खरीच सोडली होती, त्याच्याकडे खोटी नव्हती.

आकडा परत आला नाही. मग एका रात्री त्यानं वही आणून माझ्यासमोर ठेवली. तो जे गणित दाखवत होता, त्यात अडचण फिजिक्सची नव्हतीच. गावात सगळं मराठीतून शिकलेलं, इथं क्लासमध्ये इंग्रजीतून, आणि प्रश्न काय विचारला आहे तेच त्याला कळत नव्हतं. 'त्वरण' म्हटलं की त्याला सगळं येत होतं. दुकानात माझ्याकडे एक निवृत्त मास्तर पेपर वाचायला यायचे. त्यांनी दोन्ही भाषांतले शब्द समोरासमोर लिहून दिले, आणि पुढच्या चाचणीत अकराचे चोवीस झाले. हे मामाला बारक्यानंच सांगितलं. "चोवीस." "आधी?" "अकरा." "बरं." विषय संपला.

एक गोष्ट मात्र मी त्याला तेव्हाच सांगून ठेवली होती. गुण, मित्र, भांडण, पैसे हरवले, काहीही असो, ते माझ्यापाशी राहील. पण कोणाच्या जिवावर बेतणारी गोष्ट असली तर मी पोटात ठेवणार नाही, आणि सांगण्याआधी तुला सांगेन. पोरांना वचन देताना ही फट आधीच दाखवून ठेवावी. नंतर दाखवली तर तिला दगा म्हणतात, आणि ते बरोबरच असतं.

पोळ्याला आम्ही दोघं मोटरसायकलनं गावी गेलो. नागपूर रस्त्यानं कळंबपर्यंत, तिथं चिंतामणीचं दर्शन, मग राळेगावकडे. मोटरसायकल हे तर दुकानाहून उत्तम साधन. मागच्याला पुढच्याचं तोंड दिसत नाही, पुढच्याला मागच्याचं दिसत नाही, वाऱ्यानं निम्मे शब्द उडून जातात, त्यामुळं बोलणाऱ्याला बोलून गेल्याची भीती नसते. कळंब सोडल्यावर बारक्यानं मागून आपण होऊन विषय काढला. बारावीनंतर डॉक्टर व्हायचं असं सगळ्यांनी ठरवलं आहे, ते खरं. पण त्याला गुरांचं डॉक्टर व्हायचं आहे, हे कोणाला माहीत नाही. मी म्हणालो, "बरं." आणि गाडी जरा हळू घेतली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा घट्टा पडून कडक झालेला असतो. नाल्यावर नेऊन बैल धुतात, मग संध्याकाळी पळसाच्या पानानं हळद आणि गरम तूप त्या खांद्यावर चोळतात, आणि कानात उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. मामाचे दोन बैल, बादल आणि हिऱ्या. बारक्या बादलच्या खांद्याशी उभा होता आणि बोलत होता. एक-दोन शब्द नव्हेत, अखंड. इकडची माशी उडवतो, तिकडचा घट्टा दाबून बघतो, यवतमाळात कसं गरम होतं ते सांगतो, आत्या सकाळी उठवते ते सांगतो, अकरा गुणांचंही सांगतो. आईही माहेरी आली होती, ती माझ्या शेजारी पदर तोंडाला लावून उभी होती. "पाय बाप्पा," ती हळूच म्हणाली, "मले नाई सांगितलं कधी." बादल कानही हलवत नव्हता आणि मध्ये एकही प्रश्न विचारत नव्हता. मेरी बड रो बाईंना याहून चांगला विद्यार्थी मिळाला नसता.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका रात्री बारक्या जेवणावरून अर्ध्यात उठला. दुसऱ्या दिवशी दुकानात आला, पण मोबाईल काढला नाही. शर्यती पाहणं बंद. दुपारी झोपून राहायला लागला. मी प्रश्न विचारला नाही. शटर ओढून झाल्यावर नेहमीसारखा घरी न निघता ओट्यावर बसलो. तो शेजारी बसला. बराच वेळ गेला.

"इकला," तो म्हणाला.

बादल विकला होता. कारण सगळ्यांना माहीत असतं. ट्रॅक्टरवाला तासावर नांगरून देतो, वखरून देतो. कुटार महाग, सालदार मिळत नाही, आणि वर्षातले मोजके दिवस काम करणाऱ्या जोडीला बारा महिने खाऊ घालावं लागतं. बारक्यालाही तो हिशेब येत होता, बापापेक्षा नीट येत होता. म्हणूनच बापावर रागावता येईना. मी 'दुसरा घेऊ' म्हणालो नाही आणि 'मोठा हो, असं चालायचंच' असंही म्हणालो नाही. कोणाला विकला, विचारलं. घाटंजीकडच्या शेतकऱ्याला, जोडीसाठी. म्हणजे कामाला लागेल, खाटकाकडे नाही. हे बोलून झाल्यावर तो रडला, आणि मग आम्ही घरी जाऊन जेवलो.

इथं जरा गंभीर बोलणं भाग आहे, कारण यवतमाळ जिल्ह्याचं नाव वर्तमानपत्रांत कशासाठी येतं ते सगळ्यांना माहीत आहे. कमी बोलणं हा स्वभाव असतो, तो आजार नव्हे. बारक्या एका शब्दात बोलायचा तेव्हाही पोटभर जेवत होता, मित्रांत जात होता, शर्यती पाहत होता. लक्ष ठेवायचं ते शब्दांवर नाही, या बाकीच्या गोष्टींवर. जेवण, झोप, मित्र आणि आवडीचं काम हे सगळं एकदम सुटलं आणि दोन आठवडे परत आलं नाही, किंवा जगून काय करायचं अशी भाषा आली, तर सरळ विचारावं, की मरायचे विचार मनात येतात का. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. असलेला बाहेर येतो. आणि तेव्हा घरातल्या शहाण्यांवर न थांबता डॉक्टरांकडे न्यावं. टेलिमानसचा 14416 हा सरकारी फोन दिवसरात्र फुकट चालतो आणि मराठीत बोलतो. बारक्याचं जेवण आठवडाभरात वळणावर आलं, दहाव्या दिवशी मोबाईलवर पुन्हा धुरळा उडू लागला, तेव्हा मी लक्ष ठेवणं सैल केलं. पूर्ण सोडलं नाही.

आता तो बारावीत आहे. गुरांच्या डॉक्टरकीचं त्यानं मामाला स्वतः सांगितलं. मामा म्हणाला, "बरं." वणीच्या मावशीला ती बातमी मिळायला पूर्ण आठवडा लागला, हा आमच्या घराण्यातला विक्रम आहे. आईनं सकाळचे प्रश्न बंद केलेले नाहीत, पण आता ती रात्री साडेदहाला जागी राहते, भाकरीचा कुटका आणि ठेचा पुढं ठेवते आणि गप्प बसायचा प्रयत्न करते. कधी कधी दोन सेकंदांपर्यंत जमतं.

बारक्या बदलला असं कोणी समजू नये. अजूनही काय विचाराल त्याचं उत्तर एकाच शब्दात येतं. फरक एवढाच, की आता काही शब्द न विचारता येतात, आणि पोराचा भरवसा मोजायचा तो त्या न विचारलेल्या शब्दांत. तुमच्या घरी असा एखादा बारक्या असेल तर त्याला कॉलेज कसं आहे हे विचारू नका, ते बरंच असतं. त्याला जे येतं आणि तुम्हाला येत नाही, ते शोधा आणि शिकायला बसा. आणि तो जे सांगेल, ते वणीला कळवू नका.